पार्सल पोहोचलं की नाही, आणि पैसे कुठे थांबले?

2 एप्रिलला वसमतहून खालाच्या मुलीचा फोन आला. मी तिला आपा म्हणतो. घरच्या घरी हळद दळून, अर्ध्या किलोची पाकिटं भरून ती एका ऑनलाइन बाजारावर विकते. "अरे, तू कम्प्युटरवाला ना? माल देऊन महिना झाला. चार पार्सलं गेली, आणि आज खात्यात 76 रुपये 86 पैसे आलेत. हे काय आहे ते बघ जरा." मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पेमेंटच्या यंत्रणाही थोड्याफार हाताळल्या आहेत. तरीही त्या 76 रुपयांचा उलगडा व्हायला मला पूर्ण एक संध्याकाळ लागली. दोष आपाच्या समजेचा नव्हता. हिशेब अशा रीतीने दाखवला जातो की पैसे कुठल्या टप्प्यावर थांबले हे विक्रेत्याला कळतच नाही.

आधी एक गोष्ट मान्य करतो, कारण आपल्यातली बरीच तरुण मंडळी "आमचे पैसे दाबून ठेवतात" असंच म्हणतात. डिलिव्हरी होईपर्यंत पैसे थांबवणं मला चुकीचं वाटत नाही. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीचा लिलाव बघा. खरेदीदार ढिगात हात घालतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो, वास घेतो आणि मग बोली लावतो. तिथे माल आणि डोळा एकाच जागी असतात. ऑनलाइन बाजारात गुवाहाटीच्या ग्राहकाने फक्त फोटो बघितलेला असतो. पाकिटात हळदीऐवजी भुसा निघाला आणि पैसे आधीच विक्रेत्याकडे गेले असतील, तर 240 रुपयांसाठी वसमतला कोण येणार? म्हणून रक्कम मधल्यामध्ये धरली जाते.

कॅश ऑन डिलिव्हरीत तर धरायला रक्कमच नसते. डिलिव्हरी करणारा मुलगा दारात नोटा घेईपर्यंत तो पैसा कुणाकडेच नाही. पुढे तो मुलाकडून हबला, हबकडून कुरिअर कंपनीला आणि तिथून बाजाराला पोहोचतो.

रिझर्व्ह बँकेनेही ही रीत मान्य केली आहे. मार्च 2020 मध्ये तिने पेमेंट अ‍ॅग्रिगेटरसाठी, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन व्यापाऱ्याला पोहोचवणाऱ्या मध्यस्थांसाठी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. पैसे बँकेच्या एस्क्रो खात्यात ठेवायचे असं त्यात ठरलं. डिलिव्हरीची जबाबदारी व्यापाऱ्याची असेल तर डिलिव्हरीची खबर मिळाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत व्यापाऱ्याला पैसे द्यायचे. परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम ठेवायचा करार असेल तर ती मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत. कॅश ऑन डिलिव्हरी मात्र या तत्त्वांच्या बाहेर ठेवली होती, आणि आपाच्या बहुतेक ऑर्डरी त्याच प्रकारच्या. तिच्या करारात लिहिलंय की डिलिव्हरीनंतर सात दिवसांनी पैसे, ऑर्डर कशीही असो.

आता ती चार पार्सलं. चारही 4 मार्चला घरून उचलली गेली.

पहिलं पुण्याला, ऑनलाइन पैसे भरलेलं. 8 तारखेला पोहोचलं, 15 ला पैसे देय झाले आणि आलेही. दुसरं गुवाहाटीला, कॅशवालं. 14 ला पोहोचलं, 21 ला देय झालं, तेही आलं. आपाला ही दोन्ही आल्याचं माहीतच नव्हतं, कारण बाजार रोजच्या अनेक ऑर्डरींची एकत्र रक्कम टाकतो आणि पासबुकात फक्त एक ओळ दिसते. तिसरं कोट्याला, तेही कॅशवालं. ग्राहकाने 12 ला "नको" म्हटलं आणि पार्सल 24 ला वसमतला परत आलं. त्याचे पैसे तर नाहीतच, वर परतीच्या वाहतुकीचे 88 रुपये तिच्या नावे पडले.

ते 88 रुपये 2 एप्रिलला, पूर्ण वेगळ्याच एका ऑर्डरीतून कापले गेले. ती ऑर्डर 240 ची होती. वाहतूक आणि शुल्क जीएसटी धरून 74, टीसीएस 1.14, उरले 164.86. त्यातून 88 गेले आणि 76.86 आले. हिशेब बरोबर होता, पण "या ऑर्डरीतून त्या ऑर्डरीचे कापले" हे वाक्य कुठेही नव्हतं. दोन वेगळ्या पानांवरचे आकडे जोडून ते काढावं लागलं.

तो 1.14 रुपयाचा टीसीएस बुडालेला नसतो. बाजार करपात्र किमतीवर अर्धा टक्का कापून सरकारकडे भरतो (जुलै 2024 पूर्वी एक टक्का होता). जीएसटी पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन तो स्वीकारला की आपल्या कॅश लेजरमध्ये येतो. स्वीकारलाच नाही तर तसाच पडून राहतो. आपाचा सात महिन्यांचा पडून होता.

खरी गंमत चौथ्या पार्सलात आहे. ते कटकला निघालं होतं. 9 मार्चला नागपूरला स्कॅन झालं आणि त्यानंतर काहीच नाही. 2 एप्रिललाही त्याच्यापुढे "वाटेत आहे" एवढंच लिहिलेलं होतं. सात दिवसांची मोजणी डिलिव्हरीपासून सुरू होते ना? मग डिलिव्हरीच झाली नाही, परतही आलं नाही, तर मोजणी कधी सुरू होणार? कधीच नाही. आमच्या धंद्यात उत्तराची वाट बघणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मर्यादा घालतात. इतका वेळ उत्तर आलं नाही तर चूक म्हणून नोंदव आणि पुढचं पाऊल टाक. ती घातली नाही तर प्रोग्राम लटकून राहतो. आपाचे पैसे असेच लटकले होते.

माझी तक्रार इथे आहे. डिलिव्हरीपर्यंत थांबवा, जरूर थांबवा. पण उचलल्यापासून ठराविक दिवसांत पार्सल ना पोहोचलं ना परत आलं, तर बाजाराने ते आपण होऊन हरवलं म्हणून जाहीर करावं आणि भरपाईची मोजणी सुरू करावी. कुरिअर बाजाराने निवडलेला असतो, स्कॅनची माहिती त्याच्याकडे असते. आज मात्र हरवल्याचं शोधणं विक्रेत्याच्या अंगावर आहे, आणि दावा करायलाही मुदत असते. आपाला पहिल्या दोन तक्रारींवर "कृपया प्रतीक्षा करा" हेच उत्तर आलं. तिसऱ्या वेळी शेवटच्या स्कॅनची तारीख आणि जागा लिहून पाठवली, तेव्हा दावा नोंदला गेला.

दुसरी बाब अंतराची. सात दिवस सगळ्यांना सारखेच, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण मोजणी डिलिव्हरीपासून असल्यामुळे रस्त्याचे दिवस विक्रेत्याच्या खिशातून जातात. आपा रोज आठ पाकिटं पाठवते. एकाचा तिचा खर्च, हळकुंड, दळण आणि पॅकिंग धरून, 110 रुपये. म्हणजे रोज 880. रस्त्यात सरासरी नऊ दिवस आणि वर सात, असे सोळा दिवस धरले तर 14,080 रुपये कायम बाहेर अडकलेले. माल चार दिवसांत पोहोचवणाऱ्या शहरातल्या विक्रेत्याचे, तेवढ्याच धंद्यावर, 9,680. नियम एकच, पण वसमतमध्ये बसून विकायची किंमत 4,400 रुपये जास्त. आणि हे मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा नवी हळद यार्डात येते आणि वर्षाचं हळकुंड रोखीने भरून ठेवायचं असतं. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ऑनलाइन विका आणि पैसे मिळवा. पी हळद अन् हो गोरी इतकं ते सोपं नव्हतं.

ही फट भरायला "पैसे लवकर हवेत?" असं बटण पुष्कळ ठिकाणी दिसतं. त्यामागे बहुतेक वेळा कर्ज असतं आणि त्याला व्याज किंवा व्याजासारखं शुल्क. आपा ते घेत नाही, घेणारही नाही. तिच्यासारख्यांना उपाय एकच, अडकलेली रक्कम आधीच धरून धंद्याचा आकार ठरवणं. त्यासाठी रक्कम कुठे अडकली आहे हे दिसलं पाहिजे.

आम्ही त्या संध्याकाळी एक साधी शीट केली. एका ओळीत एक ऑर्डर. A मध्ये ऑर्डर क्रमांक, B मध्ये उचलल्याची तारीख, C मध्ये शेवटच्या स्कॅनची तारीख, D मध्ये डिलिव्हरीची. E मध्ये देय तारीख आपोआप येते, F मध्ये पैसे आल्यावर यूटीआर क्रमांक लिहायचा.

```
E2: =IF(D2="","पोहोचलं नाही",D2+7)
G2: =IF(AND(F2="",E2<TODAY()),"पैसे विचारा","")
H2: =IF(AND(D2="",TODAY()-C2>7),"पार्सल शोधा","")
```

तुमच्या करारात सातऐवजी दहा किंवा पंधरा असतील तर E2 मधला आकडा बदला. H हा आपाच्या कटकच्या पार्सलासाठी आहे: सात दिवस नवा स्कॅन नाही आणि डिलिव्हरीही नाही, तर त्याच दिवशी तक्रार टाकायची. परत आलेल्या पार्सलाची ओळ मात्र वेगळ्या पानावर हलवा, नाहीतर H उगाच ओरडत राहतो.

यूटीआर का लिहायचा? बाजाराच्या पानावर "पैसे दिले" दिसतं आणि खात्यात नसतात, तेव्हा भांडण बाजाराशी की बँकेशी हे त्याच्यावरून ठरतं. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरी असतो. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी रोज चोवीस तास चालते, त्यामुळे "रविवार होता" हे कारण आता चालत नाही. क्रमांक असेल तर तो घेऊन आपल्या बँकेत जा. बाजार क्रमांकच देत नसेल तर पैसे अजून निघालेलेच नाहीत असं समजा.

आणि एक अडचण खास आपल्या घरांतली. आधारवर Shaikh, पासबुकात Sheikh, पॅनवर Shaik. कुठे नावापुढे Begum आहे, कुठे Bi आहे, कुठे काहीच नाही. बाजार खातं तपासताना नावं जुळवून बघतो, आणि जुळली नाहीत तर देय झालेले पैसेसुद्धा अडकतात. अशा वेळी ऑर्डरीच्या पानावर सगळं ठीक दिसतं. सूचना असते ती बँक खात्याच्या पानावर, आणि तिथे महिनोन्महिने कुणी जात नाही. विकायला सुरुवात करण्याआधी तिन्ही कागदांवरचं स्पेलिंग एक करून घ्या. पासबुकातलं नाव पॅनप्रमाणे करणं सहसा सगळ्यात सोपं पडतं.

कटकच्या पार्सलाची भरपाई 18 एप्रिलला आली. आपाने यूटीआर लिहिला आणि मला फोन करून सांगितलं, "H मध्ये अजून दोन आहेत, त्यांचं बघ."