तारीख पुढे जाते, प्रबंध नाही

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या बहिणीची पीएच.डी.ची व्हायवा मंगळवारी सकाळी ११ वाजता ठरली होती. आधीच्या गुरुवारी रात्री अब्बांचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात लुळा पडला. पक्षाघात. पहाटेपर्यंत ते आयसीयूत होते. अम्मी एका बाकावर तस्बीह घेऊन बसलेली, आणि दुसऱ्या बाकावर बहीण प्रबंधाची प्रत मांडीवर घेऊन. चार तासांत तिने एकही पान उलटलं नव्हतं.

आम्ही म्हटलं, "तारीख पुढे मागू या."

ती म्हणाली, "बाजी, परीक्षकांना वाटेल तयारी नाही म्हणून बहाणा करतेय. अब्बांनीच सहा वर्षं वाट पाहिलीय."

ही भीती अनेक घरांत असते, म्हणून आधी तिच्याबद्दल. व्हायवा ठरते तीच मुळी बहिस्थ परीक्षकांनी प्रबंध वाचून समाधानकारक अहवाल दिल्यावर. ते अहवाल विद्यापीठात पोहोचलेले असतात आणि तारीख पुढे गेल्याने बदलत नाहीत. मागायचा असतो तो फक्त दुसरा दिवस. बिघडतं ते न कळवता गैरहजर राहिल्याने, किंवा मन हॉस्पिटलात ठेवून परीक्षकांसमोर बसल्याने.

मग कळवायचं कुणाला? बहिणीच्या मनात थेट परीक्षकांना मेसेज करायचं होतं. आम्ही थांबवलं. व्हायवा मार्गदर्शक आणि किमान एक बहिस्थ परीक्षक मिळून घेतात, पण तारखेचं पत्र विद्यापीठाचं असतं. म्हणून शुक्रवारी सकाळी पहिला फोन मार्गदर्शक सरांना केला. परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून रेल्वेने येणार होते. सरांनीच त्यांना कळवलं आणि त्यांना तिकीट वेळेत रद्द करता आलं. हाच फोन सोमवारी रात्री झाला असता तर ते गाडीत बसलेले असते.

नुसत्या फोनवर मात्र काम होत नाही. त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा लागतो, मार्गदर्शकांच्या शिफारशीसह. बहिणीचा पहिला मसुदा दोन पानी होता. त्यात अब्बांचा रक्तदाब होता, अम्मीचे अश्रू होते, पण नवी तारीख कधी हवी तेच नव्हतं. आम्ही तो असा केला:

"माझी मौखिक परीक्षा मंगळवारी, दि. … रोजी ठरली आहे. माझे वडील गुरुवार रात्रीपासून पक्षाघातामुळे अतिदक्षता विभागात दाखल असून त्यांच्या देखभालीची जबाबदारी माझ्यावर आहे. या कारणास्तव परीक्षा सुमारे चार आठवडे पुढे ढकलावी, ही विनंती. दि. … नंतर परीक्षक व विद्यापीठ ठरवतील त्या दिवशी मी हजर राहीन. हॉस्पिटलचे दाखल असल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे."

वर नाव, नोंदणी क्रमांक, विषय आणि प्रबंधाचं शीर्षक. खाली सही आणि मोबाईल नंबर. एवढंच. स्कॅन आणि तपासण्यांचे कागद जोडले नाहीत. अब्बांचा आजार सगळ्या कचेरीने वाचायची गरज नव्हती.

"परिस्थिती सुधारेपर्यंत" असं लिहू नये. तशा अर्जावर कचेरीला निर्णय घेता येत नाही आणि फाईल पडून राहते. शिवाय प्रबंध सादर केल्यापासून व्हायवाच्या निकालापर्यंतचं काम सहा महिन्यांत व्हावं, अशी यूजीसीच्या २०२२ च्या नियमांची अपेक्षा आहे. आपला अर्ज त्यात बसतो का, ते मोजून घ्यावं. बहिणीचे चार महिने झाले होते, म्हणून चार आठवडे मागणं सोपं गेलं.

कचेरीतून ऑनलाईन व्हायवाचाही पर्याय सुचवला गेला. नियमांत तो आहे, आणि रुग्ण घरी येऊन स्थिरावला असेल तर चांगलाही आहे. पण आयसीयूबाहेर बसून? कुठल्याही क्षणी नर्स नाव पुकारते. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तोंडी "होऊन जाईल" यावर विसंबलो नाही. जुनी तारीख रद्द झाल्याचं पत्र सोमवारी दुपारी आलं, तेव्हाच बहिणीने प्रबंध पिशवीत ठेवला.

नवी तारीख पाच आठवड्यांनी मिळाली, कारण परीक्षकांनाही सवड हवी होती. तोवर अब्बा घरी आले होते. हात अजून उचलत नव्हता, बोलणंही अडखळत होतं. व्हायवाहून बहीण परतली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने तिला जवळ बसवलं आणि मोठ्या कष्टाने दोन शब्द काढले: "काय विचारलं?"

तिने पहिल्या प्रश्नापासून सांगायला सुरुवात केली.