एकरकमी साडेपाच लाख... म्हणजे महिन्याला किती?

मंडळी, स्वेच्छानिवृत्तीबद्दल बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "एवढी रक्कम एकदम कोण देतं हो आजकाल?" पोहरादेवीच्या चहाच्या टपरीवर ऐकू येतं, लग्नाच्या मांडवात ऐकू येतं, आणि पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या नातेवाइकांच्या फोनवरही ऐकू येतं. माझा या वाक्यावर राग आहे. कारण ती रक्कम कुणी देत नसतं. पुढच्या काही वर्षांचा तुमचाच पगार असतो तो, काही हिस्सा कापून आधी हातात ठेवलेला. किती कापला हे बघायचं सोडून आपण नोटांचा गठ्ठा किती जाड आहे तेवढंच बघतो.

हवेत बोलत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीतल्या घरांपर्यंत पोचलेल्या दोन योजना घेऊ. एक बीएसएनएलची, २०१९ ची. दुसरी एसटी महामंडळानं डिसेंबर २०२० मध्ये पन्नाशीपुढच्या कर्मचाऱ्यांसाठी जाहीर केलेली. दोन्हींचं नाव एकच, व्हीआरएस. पण दोन्ही सौद्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी एसटी, कारण मानोरा तालुक्यात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक ड्रायव्हर-कंडक्टर सापडतोच. योजनेचं सूत्र सोपं होतं : जितकी वर्षं नोकरी शिल्लक, त्या प्रत्येक वर्षामागे तीन महिन्यांचा पगार. आणि 'पगार' म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, बाकी काही नाही.

आता एक नमुना घेऊ. आकडे हिशेबापुरते माझे आहेत, कुणा एकाचे नाहीत. वय ५२, निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे सहा वर्षं शिल्लक. पगारपत्रकावर मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३०,०००. सहा वर्षांचे अठरा महिने, गुणिले तीस हजार : ५,४०,०००. हेच ते "साडेपाच लाख". ऐकायला बरं वाटतं ना?

आता भागाकार करा. शिल्लक महिने ७२. पाच लाख चाळीस हजाराला बहात्तरनं भागलं की महिन्याला ७,५०० येतात. रक्कम बँकेत टाकून सात टक्के व्याज धरलं आणि मुद्दलासकट दरमहा समान काढत सहा वर्षांत संपवली, तरी महिन्याला साधारण ९,२०० च्या पुढे जात नाही. म्हणजे तीस हजारांच्या जागी नऊ हजार. खरं तर कॅल्क्युलेटरचीही गरज नव्हती. बारा महिन्यांच्या बदल्यात तीन महिने, म्हणजे पावली. रुपया टाकायचा आणि चार आणे घ्यायचे, आणि वर "एकदम कोण देतं?"

बरं, गमावलेला पगार तीस हजारच असतो का? इथे ऑफरचं पत्र आणि पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवावं लागतं. पत्रातला 'पगार' लहान असतो, पत्रकातला मोठा. घरभाडे भत्ता आणि इतर भत्ते पत्रात नसतात. आणि एक रक्कम तर बऱ्याच पगारपत्रकांवरही ठळक दिसत नाही, ती म्हणजे मालकाच्या हिश्श्याचा भविष्य निर्वाह निधी. बारा टक्क्यांनी तीस हजारांवर ३,६०० रुपये दर महिन्याला. नोकरी सोडली की तोही बंद. भत्त्यांचे चार हजार धरले तर माणूस महिन्याला तीस नव्हे, साडेसदतीस हजारांवर पाणी सोडतो.

आता दुसरी गंमत. अशा वेळी कुणीतरी हुशार माणूस कागदावर बेरीज करून दाखवतो : अनुग्रह रक्कम, ग्रॅच्युइटी, पीएफ, रजेचे पैसे... आणि आकडा पंधरा-वीस लाखांवर नेतो. ही बेरीज मला लबाडी वाटते, करणारा कितीही सज्जन असो. ग्रॅच्युइटी, पीएफ आणि रजा हे तुमचं आधीच कमावलेलं आहे. ५८ व्या वर्षी मिळणारच होतं, आणि जास्त मिळणार होतं. चोवीस वर्षांच्या नोकरीवर आपल्या नमुन्यातली ग्रॅच्युइटी होते सुमारे ४ लाख १५ हजार. आणखी सहा वर्षं काढली असती तर त्याच पगारावर आणखी लाखभर वाढली असती. म्हणजे व्हीआरएसमुळे ग्रॅच्युइटी मिळत नाही, घटते. ऑफरच्या पत्रातून आपलं स्वतःचं वजा केल्यावर जे उरतं तेवढीच ऑफर. आणि पतसंस्थेचं कर्ज पगारातून कापलं जात असेल, तर उरलेली बाकी याच पैशातून वळती होईल, तेही आधीच वजा करा.

यावर लोक म्हणतात, "पण तेव्हा पगार वेळेवर होत नव्हते." खरं आहे. कोरोनाच्या काळात एसटीचे पगार रखडले, घरं कशी चालली ते आपण पाहिलंय. पण उशिरा मिळालेला पगार आणि न मिळणारा पगार यात फरक आहे. शिवाय ऑफरचं पत्र तुमचा पगार त्या तारखेला गोठवून टाकतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये, संप चालू असताना, एसटी कर्मचाऱ्यांचं मूळ वेतन वाढलं. वीस वर्षांवर सेवा झालेल्यांना २,५०० ची वाढ मिळाली. आपला नमुना नोकरीत राहिला असता तर उरलेल्या महिन्यांत नुसत्या या एका वाढीचे दीड लाख झाले असते, महागाई भत्ता वेगळा. पत्रातल्या आकड्यात हे कुठेच नसतं, आणि असूही शकत नाही.

आता बीएसएनएल. नोव्हेंबर २०१९ मध्ये योजना खुली झाली, ३ डिसेंबरला बंद झाली, आणि ३१ जानेवारी २०२० ला अठ्ठ्याहत्तर हजारांहून जास्त माणसं एका दिवसात घरी गेली. सूत्र : झालेल्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार. इथेही पगार म्हणजे मूळ अधिक महागाई भत्ता.

पुन्हा नमुना. वय ५५, सेवा ३० वर्षं, साठीला पाच वर्षं बाकी, पगार ७०,०००. दिवस झाले १,०५० अधिक १२५, म्हणजे ११७५, म्हणजे साधारण ३९ महिन्यांचा पगार : सुमारे २७ लाख ४० हजार. शिल्लक महिने फक्त साठ. इथे रुपयाला चार आणे नाहीत, दहा आण्यांच्या वर आहेत.

पण यातून कर जातो, आणि तो बघायला लोक विसरतात. प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम १०(१०सी) खाली स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतले पाच लाखच करमुक्त होते, तेही आयुष्यात एकदा. शिवाय कलम ८९ ची सवलत घेतली तर ही सूट मिळत नव्हती, दोन्ही नाहीत. बीएसएनएलची रक्कम दोन हप्त्यांत, दोन आर्थिक वर्षांत विभागून ठरली होती, त्यामुळे थोडा दिलासा होता. तरी त्या वर्षांच्या दरांनी, नेहमीच्या वजावटी धरून, आपल्या नमुन्याला सव्वापाच लाखांच्या आसपास जादा कर बसतो. हातात उरतात बावीस लाख. एसटीच्या नमुन्यात कराचा प्रश्न जवळजवळ येतच नाही, कारण रक्कमच एवढी लहान आहे. त्यात आनंद मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

खरा फरक मात्र करात नाही, आणि सूत्रातही पूर्णपणे नाही. तो आहे मधल्या वर्षांत. नोकरी सुटल्यापासून निवृत्तीवेतन सुरू होईपर्यंत जो खड्डा आहे, त्यावर पूल कशाचा?

बीएसएनएलमध्ये दूरसंचार खात्यातून आलेल्यांना सरकारी निवृत्तीवेतन लगेच, पुढच्याच महिन्यापासून लागू होतं. आपल्या नमुन्याला ते साधारण ३५,०००. म्हणजे खड्डा महिन्याला पस्तीस हजारांचा, साठ महिन्यांचे एकवीस लाख. हातात बावीस. पूल पुरला! भत्ते गेले, वेतनवाढी गेल्या, निवृत्तीवेतनाचं अंशराशीकरण साठीपर्यंत लांबलं, हे सगळं धरूनही त्या माणसानं सही केली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

एसटीवाल्याचं निवृत्तीवेतन म्हणजे ईपीएस ९५. जास्त पगारावरच्या निवृत्तीवेतनाचा पर्याय घेतला नसेल तर हिशेब पंधरा हजारांच्या मर्यादेवर होतो, आणि सबंध पस्तीस वर्षं त्या मर्यादेवर काढली तरी महिन्याला साडेसात हजार. तेही ५८ पासून. पन्नाशीनंतर लवकर मागता येतं, पण दर वर्षामागे चार टक्के कमी, आणि ती कपात जन्मभराची. म्हणजे खड्डा जवळजवळ अख्ख्या पगाराचा, आणि पूल पावलीचा. उरलेला पाऊण पूल कशानं बांधायचा? "टाकू एखादी गाडी", "टाकू हॉटेल". रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला हॉटेल कुणाचंही चालतं हो. खड्डा बहात्तर महिन्यांचा आहे, यात्रेच्या दिवसांचा नाही.

मी सरसकट व्हीआरएसच्या विरोधात नाही. ज्याची पाठ आता स्टेअरिंगवर बसू देत नाही, ज्याला डॉक्टरनं थांब म्हटलंय, किंवा ज्याच्या घरी खात्रीचा दुसरा पगार आहे, त्याचा हिशेब वेगळा. पण तो हिशेब तरी करा. पत्रातल्या रकमेतून आपलं आधीचं कमावलेलं वजा करा, कर आणि कर्ज वजा करा, उरलेल्याला शिल्लक महिन्यांनी भागा. त्यात त्या महिन्यांत खरोखर हातात येणारं निवृत्तीवेतन मिळवा. मग पगारपत्रकावरचा पूर्ण पगार, मालकाच्या पीएफसह, शेजारी लिहा. दोन आकड्यांतला फरक दर महिन्याला कुठून येणार, याचं उत्तर माणसाच्या किंवा जागेच्या नावानिशी देता आलं तरच पेन उचला. "बघू काहीतरी" हे उत्तर नाही.

आणि नातेवाईक मंडळींना हात जोडून सांगणं : हा हिशेब करायचा नसेल तर सल्लाही देऊ नका. "घेऊन टाक" म्हणायला काही लागत नाही. त्याची किंमत मात्र पुढची सहा वर्षं त्या घरातली बाई किराण्याच्या दुकानात उधारी मागत चुकवते.

असो. कुणाकडे असं पत्र आलं असेल तर पगारपत्रकं घेऊन या. एका संध्याकाळचं काम आहे.