घरगुती शिवण : वाढत्या अंगाचा झगा

गेल्या महिन्यात आमच्या निगडीच्या घरी धाकट्या जाऊबाईंनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीसाठी झगा बेतावयास घेतला. सासूबाईंचे म्हणणे, "दोन वर्षे पुरेल असा ढगळ शिवा आणि गळ्याला नाडी घाला, म्हणजे खांद्यावरून उतरणार नाही." सल्ला काटकसरीचा खरा, परंतु तो जसाच्या तसा घेता येत नाही.

या वयाचे मूल वर्षाला सुमारे अडीच इंच उंच होते. छाती मात्र जेमतेम अर्धा-पाऊण इंच वाढते. म्हणून माया ठेवावयाची ती लांबीत, रुंदीत नव्हे. खांदा रुंद ठेवला तर झगा घसरतो. मुंढा फार खोल कापला तर हात वर करताच सारा झगा वर ओढला जातो. चूक ओळखण्याची खूण तीच. अर्धा इंच अधिक खोली पुरते. खाली योकला चुण्या घातल्या की छातीस जागा आपोआप मिळते.

झग्याची तयार लांबी वीस इंच हवी होती. तीत खालच्या दुमडीसाठी तीन इंच आणि दुमडीच्या वर आतल्या बाजूस घालावयाच्या पाऊण इंची टकसाठी दीड इंच मिळविले. टकला कापड दुप्पट लागते, हे विसरू नये. खांद्याची व योकच्या जोडाची शिवणमाया निराळी धरावी. कापड बेतण्यापूर्वी धुऊन आकसवून घ्यावे. पुढील वर्षी टक उसवावी, त्याच्या पुढील वर्षी दुमड निम्मी सोडावी. उसवल्या जागी गडद पट्टा उमटतो. त्यावर सपाट फीत दोन्ही कडांनी टिपून टाकावी.

आता गळा. मुलीचे डोके एकोणीस इंच, गळ्याचा घेर साडेबारा. पुढच्या बाजूस चार इंचांची चीर दिली की तिच्या दोन कडा मिळून आठ इंच वाढतात; साडेवीस इंचांतून डोके सहज निघते. चीर पाठीवर नको. पुढे असली म्हणजे मूल स्वतः बटणे लावू शिकते. बटणे तीनच, सपाट व बोटांत धरता येतील अशी. यंत्राने लावलेले बटण पुष्कळदा एका धाग्याच्या साखळीटाक्यावर असते. टोक ओढताच ते सुटते आणि थेट मुलाच्या तोंडात जाते. ते हाताने दुहेरी दोऱ्याने पुन्हा टाकावे व ओढून पाहावे. मणी, टिकल्या मुळीच नकोत.

राहिली नाडी. घसरगुंडीच्या फटीत गळ्याची नाडी अडकून मुले गुदमरल्याची उदाहरणे परदेशी घडली आहेत. त्यामुळेच युरोपात २००४ सालच्या मानकाने सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी वर्ज्य केली. हे सांगितल्यावर सासूबाईंनी नाडी मुकाट्याने डब्यात ठेवली. खांदा मापाचा असल्यावर तिची गरजही उरली नव्हती.