गोळी थायरॉइडची, हिशेब ताटाचा

सुरतेजवळच्या इच्छापोरात राहणारी, मूळची खानदेशची एक गृहिणी डोळ्यांसमोर आणा. वजन ७८ किलो, टीएसएच १८. गोळी सुरू झाली, काही महिन्यांत टीएसएच २.६ वर आला, वजन मात्र ७५. ‘डॉक्टर, डोस वाढवा ना,’ ही तिची मागणी ठरलेलीच.

इथे डॉक्टरांनी स्पष्ट बोलायला हवे. थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोच असते, आणि त्यातही चरबीपेक्षा मीठ-पाणीच जास्त. ते तीन किलो उतरले; गोळीचे काम तिथे संपले. टीएसएच योग्य पातळीत असताना डोस वाढवला तर धडधड वाढते, हाडे ठिसूळ होतात.

उरलेले वजन आहाराच्या नोंदीत सापडते. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: सुमारे १६० कॅलरी. संध्याकाळी मूठभर गाठिया, आणखी अडीचशेच्या आसपास. ‘मी तर काहीच खात नाही’ म्हणणारी बाई खोटे बोलत नसते; चहा-फरसाण ती खाण्यात धरतच नाही, एवढेच.

टीएसएच अजून चढाच असता, तर पहिला प्रश्न वेगळा: गोळी चहाबरोबर घेता का? ती उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. मग सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. आणि साठ किलोवर येण्याचे तिचे स्वप्न? सहा महिन्यांत चार-पाच किलो, तेही ताटातून, हेच तिला आजच सांगावे.