पोच कधी द्यायची?

मंडळी, माझ्या ओळखीत ठाणे-डोंबिवलीकडे सुट्टीच्या दिवशी ट्रेडिंगचे प्रोग्रॅम लिहिणारे बरेच झालेत. रचना साधारण तीच. एक प्रोसेस भाव बघून 'घे' किंवा 'वीक' असा सिग्नल देते, दुसरी ब्रोकरकडे ऑर्डर पाठवते आणि मधे रेडिस.

रेडिसचं पब-सब म्हणजे डोंबिवली स्टेशनवरची घोषणा. ज्याला ऐकू आली त्याला आली. ऑर्डरवाली प्रोसेस तेव्हा बंद असेल तर सिग्नल कायमचा गेला. म्हणून रेडिस ५.० पासून (२०१८) आलेला स्ट्रीम वापरावा. `XADD` ने टाकलेला सिग्नल तिथेच राहतो, `XREADGROUP` ने उचलला की 'पोच बाकी' यादीत जातो आणि `XACK` दिल्यावरच त्या यादीतून सुटतो.

आता वाद. ठाण्याचा एक मित्र म्हणतो, "वाचला की लगेच पोच दे, ऑर्डर दोनदा जाणार नाही." खरंय. पण पोच दिली आणि ऑर्डर जायच्या आत प्रोसेस मेली तर? तो सिग्नल तोटा थांबवायला विकण्याचा असेल तर माल तसाच गळ्यात राहतो. माझं मत असं की ब्रोकरचा ऑर्डर नंबर हातात आल्यावरच पोच द्यावी.

मग उलटी पंचाईत येते: ऑर्डर गेली, पण पोच द्यायच्या आत प्रोसेस मेली. म्हणून सुरू होताच आधी आपली बाकी विचारायची:

```
XREADGROUP GROUP orders worker1 STREAMS signals 0
```

शेवटचा `0` म्हणजे 'मला दिलेले, पण पोच न दिलेले'. `worker1` हे नाव दर वेळी तेच हवं, नाहीतर बाकी जुन्या नावावर पडून राहते. यातला सिग्नल थेट पाठवायचा नाही. ऑर्डर पाठवताना सिग्नलचा आयडी टॅग म्हणून जोडलेला असावा. ब्रोकरच्या ऑर्डर बुकात तो टॅग दिसला तर फक्त पोच द्यायची.

नाही दिसला तरी वय बघा! २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे व्यवहार ११:४० ला बंद पडले, ते ३:४५ ला सुरू होऊन ५ पर्यंत चालले. समजा ११:३८ चा सिग्नल यादीत अडकलाय. त्याचा आयडी `1614146880000-0`. यातला पहिला भाग म्हणजे मिलिसेकंदातली वेळ, म्हणजे वय वेगळं साठवायला नको. चार तासांपूर्वीच्या भावावरचा 'घे' आता पाठवणं म्हणजे जुगार. तो लॉगमध्ये नोंदवून पोच देऊन टाकावा. 'वीक' मात्र नुसता टाकून देऊ नये. हातात खरोखर किती माल आहे ते ब्रोकरला विचारून तेवढाच विकावा.

असो. बाजार बंद झाल्यावर रोज एकदा `XPENDING signals orders` बघा. आकडा शून्य नसेल तर उद्या ९:१५ च्या आत त्याचा निकाल लावा.