डिपरचं इंग्रजी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांना मंगळवारी शिकाऊ लायसन मिळालं. सरकारी मराठीत 'शिकाऊ अनुज्ञप्ती', पण त्या शब्दाबद्दल मी या जागी आधीच पुरेसा बोललो आहे. परीक्षा घरबसल्या झाली. कॅमेऱ्याला चेहरा दाखवून चिरंजीव आंघोळीला गेले आणि उत्तरं 'आपल्या नेहमीच्या माणसानं' दिली, असं त्यांच्या मातोश्रींनीच कौतुकानं सांगितलं. मी पेढा घेतला आणि घरी आलो.

त्याच रात्री स्विंडनहून निरोप आला, 'सर, झाली. तिसऱ्या खेपेला.'

हा तोच पेडण्याचा मुलगा. चोर्ला घाटावरच्या माझ्या लेखानंतर 'तुम्ही घाटात कधी रात्री गाडी चालवली आहे का?' असं विचारून ज्यानं मला गप्प केलं होतं, तो. मुलगा म्हणायचं एवढंच, आता चाळिशीला टेकला आहे. बेळगावहून भाजी भरायची, रात्री चोर्ला उतरायचा आणि उजाडायच्या आत म्हापशाच्या बाजारात क्रेट टाकायचे, हे त्यानं आठ वर्षं केलं. मग आजोबांच्या जन्माच्या दाखल्यावर लिस्बनमध्ये नोंद झाली, पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला आणि ब्रेक्झिटची दारं बंद होण्याआधी तो इंग्लंडात पोचला. आता स्विंडनजवळच्या एका गोदामात रात्री दहा ते सकाळी सहा हातात स्कॅनर घेऊन ट्रॉली ढकलतो. आपलं लायसन तिथे वर्षभर चालतं, पुढे चालत नाही आणि बदलूनही मिळत नाही. पहिल्या वर्षी गोदाम चालत जाण्याच्या अंतरावर होतं, त्यामुळे गाडीची गरज पडली नाही. गरज पडली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. म्हणजे श्रीगणेशापासून सुरुवात.

सुरुवात लेखी परीक्षेची, म्हणजे संगणकावरची. ५० प्रश्न, ५७ मिनिटं, त्यांतले ४३ बरोबर यायला हवेत. त्यानंतर लगेच चित्रफितींची परीक्षा. दोन्ही एकाच बैठकीत पास व्हायला हव्यात. एकीत नापास झालात तर दोन्ही पुन्हा, आणि २३ पौंडही पुन्हा. आपल्याकडे साठ टक्क्यांना पास करतात. शंभरातल्या चाळीस नियमांची माहिती नसली तरी चालेल, हे आपण कायद्यातच लिहून ठेवलं आहे, आणि त्या साठांसाठीही आपल्याला नेहमीचा माणूस लागतो.

परीक्षा इंग्रजीत. वेल्शमध्येही देता येते, पण पेडण्यात वेल्शचा सराव कमी. एप्रिल २०१४ पर्यंत तिथे १९ परदेशी भाषांत प्रश्न कानावर ऐकू यायचे. हिंदी होती, गुजराती होती, तमिळ होती, अगदी पोर्तुगीजसुद्धा होती. मराठी नव्हती, कोकणीही नव्हती. मग सोबत आणलेले दुभाषे उत्तरं सांगतात असा संशय आला, शिवाय इंग्रजी पाट्या वाचता न येणारा रस्त्यावर नको असं ठरलं आणि ते सगळं बंद झालं. पासपोर्ट पोर्तुगालचा, शाळा मराठी, घरी कोकणी आणि परीक्षा इंग्रजीत. पोर्तुगीज आवाज चालू असता तरी याला काय कळणार होतं? त्याच्या आजोबांनाच ती भाषा पोलीस ठाण्यापुरती येत होती.

अभ्यास कसा केला ते त्यानं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मध्यरात्रीच्या अर्ध्या तासाच्या सुटीत मोबाइलवर वीस प्रश्न. सकाळी घरी पोचल्यावर, चार जणांच्या स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत आणखी दहा. डोळे मिटत असताना वाचलेलं टिकत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं, म्हणून जे पाठ करायचं ते त्यानं कामावर नेलं. कोरड्या रस्त्यावर धोका दिसल्यापासून गाडी किती अंतरात थांबते त्याचा तक्ता असतो, वेग मैलांत आणि अंतर मीटरमध्ये. याचा त्यानं मराठीत पाढा केला. वीस बारा, तीस तेवीस, चाळीस छत्तीस, पन्नास त्रेपन्न, साठ त्र्याहत्तर, सत्तर शहाण्णव. ट्रॉली ढकलत म्हणायचं. पुस्तकात तो तक्ता कितीदा पाहिला तरी डोक्यात शिरला नव्हता, पाढा होताच दोन रात्रींत बसला. म्हणून पाहा, बसतो. तीस मैलांच्या वेगाला थांबायला तेवीस मीटर लागतात आणि साठाला त्र्याहत्तर, म्हणजे वेग दुप्पट झाला की अंतर तिपटीच्याही पुढे जातं, हेही पाढ्यातच ऐकू येतं.

अनोळखी शब्दांनी त्याला फारसं छळलं नाही. हार्ड शोल्डर म्हणजे महामार्गाच्या कडेची, गाडी बंद पडली तर थांबायची पट्टी. शब्द नवा, पाठ केला, संपलं. पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगांना तिथे झेब्रा, पेलिकन, पफिन, टूकन अशी नावं आहेत. त्याला आधी वाटलं प्राणिसंग्रहालयाचा धडा चुकून उघडला. टूकन म्हणजे 'टू कॅन', पायी चालणारा आणि सायकलवाला दोघंही जाऊ शकतात तो, हे कळल्यावर तो एकटाच हसला म्हणे.

छळलं ते ओळखीच्या शब्दांनी. माझा जुना विषय आहे म्हणून नव्हे, पण त्याच्या आयुष्यातला सगळ्यात ओळखीचा इंग्रजी शब्द डिपर होता. आठ वर्षं तो रात्री ट्रकांच्या मागे राहिला आणि प्रत्येक ट्रकच्या पाठीवर वाचत राहिला, 'यूज डिपर ॲट नाइट'. सराव परीक्षेत प्रश्न आला की धुकं आहे, दिवस आहे, शंभर मीटरपुढचं दिसत नाही, तर कोणते दिवे? उत्तर होतं 'डिप्ड हेडलाइट्स'. याच्या डोळ्यांसमोर दिव्यांची उघडझाप आली. दिवसा, धुक्यात, उगाच डिपर कशाला मारायचा? पर्याय सोडून दिला आणि चुकला. तिथे त्या शब्दाचा अर्थ एवढाच की झोत खाली झुकवून दिवे लावून ठेवायचे. ट्रकच्या पाठीवरच्या सूचनेचाही मूळ अर्थ तोच आहे. आपण त्याचं 'मारणं' करून टाकलं.

पुढचा प्रश्न त्याहून वाईट. हेडलाइटची उघडझाप कधी करावी? पर्यायांत 'समोरच्याला वाट द्यायला' होतं, 'समोरच्याला थांबवायला' होतं, आणि 'आपण इथे आहोत हे कळवायला' होतं. घाटात आठ वर्षं काढलेल्या माणसानं दुसरा निवडला. अरुंद पुलावर समोरून ट्रक येतोय, त्यानं डिपर मारला, म्हणजे तो म्हणतो आहे, थांब, मी घुसलो. हे ज्याला कळत नाही तो चोर्ल्यात एक रात्र काढत नाही. पुस्तकातलं उत्तर तिसरं आहे. मी इथे आहे, याच्यापुढे दिव्याला काही बोलायची परवानगी नाही.

खरी गंमत पुस्तकाबाहेर आहे. इंग्लंडातल्या रस्त्यावर लोक पहिल्या अर्थानं उघडझाप करतात. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही अडकला असाल तर समोरचा थांबतो, दिवे लुकलुकवतो, म्हणजे 'या, आधी तुम्ही'. हे इतकं सर्रास चालतं की त्यांच्या हायवे कोडला मुद्दाम सांगावं लागलं आहे, समोरच्यानं दिवे लुकलुकवले म्हणजे बोलावलं असं समजू नका, स्वतः बघून मगच निघा. एकाच दिव्याचे तीन अर्थ झाले. चोर्ल्यात 'थांब', स्विंडनच्या गल्लीत 'ये', पुस्तकात 'मी आहे'. पहिले दोन एकमेकांच्या छातीवर उभे आहेत. आपला माणूस तिथे थांबून राहिला तर मागचे खोळंबतील, एवढंच. पण तिथल्या सवयीचा माणूस इथे आला आणि समोरच्या ट्रकनं डिपर मारल्यावर 'किती सभ्य गृहस्थ' म्हणत पुलावर शिरला तर काय होईल? आपल्या घाटांतले निम्मे अपघात या एका इशाऱ्यानं होतात असं मी दहा वर्षं म्हणतो आहे. आकडेवारी माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही, कारण पंचनाम्यात डिपरचा रकाना नसतो.

आता चित्रफिती. चौदा असतात, गाडीच्या काचेतून दिसणारा चालता रस्ता. धोका आकार घेऊ लागला की माउसचं बटण दाबायचं. लवकर दाबलं तर पाच गुण, उशीर होत जाईल तसे कमी. एकूण ७५, पास व्हायला ४४. पहिल्या खेपेला त्याला प्रश्नांत ४६ मिळाले आणि फितींत ३८. आठ वर्षं घाट उतरलेला माणूस धोका ओळखण्यात नापास! मी फोनवर हसलो, तो हसला नाही. नंतर त्यानंच कारण शोधलं. कडेला उभ्या गाड्यांची रांग, गल्लीतून डोकावणारं बॉनेट, फुटपाथच्या टोकाशी आलेलं पोर, यांत त्याला धोका दिसायचाच नाही. म्हापशात याला रस्ता म्हणतात. पोर उतरल्यावर तो बटण दाबायचा आणि दोन गुण घ्यायचा. मग एका फितीत घाबरून सगळ्यालाच दाबत सुटला, तर तिथे शून्य. उगाच सारखं दाबणाऱ्याला यंत्र लबाड समजतं.

त्याला शेवटी एका सहकाऱ्यानं सांगितलेली युक्ती उपयोगी पडली. उभ्या गाडीला दाबायचं नाही. तिचा इंडिकेटर लागला, चाक वळलं, की दाबायचं. ज्यामुळे आपल्याला वेग किंवा दिशा बदलावी लागणार, ते सुरू होण्याचा क्षण पकडायचा. दुसऱ्या खेपेला फितींत ४७ आले आणि प्रश्नांत ४१. दोन कमी पडले, कारण आदल्या रात्री गोदामात जादा काम होतं आणि तो झोपेविना परीक्षेला गेला. तिसऱ्या खेपेला सुटी टाकली, एका रात्रीची मजुरी सोडली आणि ४५ व ५० घेऊन आला.

गाडी प्रत्यक्ष चालवायची परीक्षा अजून बाकी आहे, आणि राहतो कुठे तर स्विंडनमध्ये, जिथे १९७२ पासून पाच छोट्या चक्रांचं मिळून एक मोठं चक्र आहे आणि आतल्या बाजूची वाहतूक उलटी फिरते. ते चक्र तो अजून लांबूनच बघतो.

शिकवणीच्या पहिल्या तासाचं मात्र त्यानं कळवलं आहे. दोन्हीकडे गाड्या लावलेली अरुंद गल्ली. समोरून एक बाई आली, थांबली, दिवे लुकलुकवले. हाही थांबला. तिनं पुन्हा लुकलुकवले. यानं गाडी आणखी थोडी मागे घेतली. शिकवणारा म्हणाला, ती तुला ये म्हणते आहे. हा म्हणाला, पुस्तकात तसं नाही. शिकवणाऱ्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, 'खरं आहे.' मग तिघंही तसेच बसून राहिले.