एका सराव परीक्षेचा खरा दर

क्लासची फी, ऑनलाइन टेस्ट सिरीज आणि सराव प्रश्नपत्रिकांचे पुस्तक यांची तुलना करण्याची सरळ रीत म्हणजे भरलेल्या रकमेला परीक्षांच्या संख्येने भागणे. भागाकार सोपा आहे, पण कोणती रक्कम भागायची आणि कोणती संख्या भाजक म्हणून घ्यायची हे ठरवण्यातच बहुतेक हिशेब चुकतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अराजपत्रित गट-ब सेवेची संयुक्त पूर्व परीक्षा येथे उदाहरणासाठी घेतली आहे. एक पेपर, १०० प्रश्न, १०० गुण, एक तास आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा, असे तिचे स्वरूप आहे. पुढील किमती मात्र हिशेब दाखवण्यासाठी मानलेल्या आहेत. वाचकाने त्या जागी आपल्या हातातल्या पावतीवरचे आकडे घालावेत.

समजा, क्लासची फी ६०,००० रुपये आहे. नोंदणीकृत क्लास असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्षात ७०,८०० रुपये जातात. माहितीपत्रकावर बहुधा करापूर्वीचाच आकडा ठळक असतो. या फीमध्ये पूर्ण लांबीच्या २४ परीक्षा असतील तर एका परीक्षेला २,९५० रुपये पडले, असे उत्तर येते. हे उत्तर क्लासवर अन्याय करणारे आहे, कारण त्या रकमेत शिकवणी, नोट्स आणि शंकानिरसनही आलेले असते. परीक्षांचा वाटा वेगळा काढायचा तर एक गोष्ट विचारावी: बाहेरच्या विद्यार्थ्याला हाच क्लास फक्त टेस्ट सिरीज कितीला देतो? अनेक क्लास ती स्वतंत्रपणे विकतात. ती करासह ३,६०० रुपयांना मिळत असेल, तर एका परीक्षेचा दर १५० रुपये झाला आणि उरलेले ६७,२०० रुपये ही शिकवणीची किंमत ठरली. तेवढी शिकवणी हवी आहे का, हा प्रश्न मग उघडपणे समोर येतो. ज्याचा अभ्यासक्रम एकदा पूर्ण झाला आहे आणि ज्याला केवळ सराव हवा आहे, त्याने पूर्ण बॅच पुन्हा घेणे म्हणजे दीडशेच्या वस्तूसाठी तीन हजार मोजणे होय.

पुण्यात खोली आणि मेसवर होणारा खर्च या हिशेबात धरावा की नाही, यावर नेहमी वाद होतो. जो खर्च क्लास नसता तर झालाच नसता, तेवढाच धरावा. अभ्यासिकेसाठी पुण्यात राहणाराच असेल त्याचा मेसचा खर्च क्लासच्या माथी मारण्यात अर्थ नाही. केवळ बॅचसाठी गाव सोडणाऱ्याच्या बाबतीत मात्र वर्षभराचे राहणे-खाणे फीच्याही वर जाऊ शकते.

ऑनलाइन सिरीजमध्ये चूक उलट्या बाजूने होते. ६०० रुपयांत वर्षभर ‘५०० हून अधिक टेस्ट’ अशी जाहिरात असली की एका टेस्टला सव्वा रुपयाही पडत नाही असे वाटते. पण त्या ५०० मध्ये दहा प्रश्नांच्या प्रकरणनिहाय चाचण्या, चालू घडामोडींच्या क्विझ आणि इतर भरतींचे पेपरही मोजलेले असतात. आपल्या परीक्षेच्या पूर्ण लांबीच्या टेस्ट ३० निघाल्या, तर दर २० रुपये होतो. त्यातल्या प्रत्यक्ष १५ सोडवल्या, तर ४० रुपये. एक तासाचा पेपर सोडवल्यावर चुकलेले आणि अंदाजाने बरोबर आलेले प्रश्न तपासायला दोन-तीन तास लागतात. त्यामुळे शेवटच्या बारा आठवड्यांत आठवड्याला दोन या वेगाने २४ पेपर झाले तरी पुष्कळ. भाजक म्हणून विकलेल्या नव्हे, तर सोडवून तपासलेल्या परीक्षा धराव्यात.

मुदत हाही दराचाच भाग आहे. राज्यसेवा पूर्व परीक्षा २५ ऑगस्ट २०२४ रोजी होणार होती. त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षा आल्याने पुण्यात आंदोलन झाले, आयोगाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती १ डिसेंबरला झाली. ज्यांची सिरीज ऑगस्टअखेर संपत होती, त्यांना पुढच्या तीन महिन्यांसाठी पुन्हा पैसे भरण्याची पाळी आली असणार. म्हणून ‘एक वर्ष’ आणि ‘परीक्षेपर्यंत’ यांत दुसरा पर्याय थोडा महाग असला तरी घेण्याजोगा असतो.

पुस्तकाचा हिशेब सर्वांत स्वच्छ. २० प्रश्नपत्रिकांचे ३०० रुपयांचे पुस्तक अप्पा बळवंत चौकात २० टक्के सवलतीने २४० ला मिळाले, तर पेपर १२ रुपयांना पडतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि मुदतही नाही. जुने पुस्तक आणखी स्वस्त, पण आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा त्यात असतील तर त्या पेपरचा सराव म्हणून उपयोग संपलेला असतो. गंमत अशी की आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारी जुनी प्रश्नपत्रिका कागदावर महाग पडते. दोन भाषांत छापलेली २४ पानांची पत्रिका दोन रुपये पानाने काढली तर ४८ रुपये होतात. तरीही ती घ्यावीच, कारण तिच्यासोबत आयोगाची अंतिम उत्तरतालिका मिळते आणि कोणते प्रश्न रद्द झाले हेही कळते.

दराइतकीच तपासण्याची गोष्ट म्हणजे उत्तरांचा अचूकपणा. तालिकेत एक उत्तर चुकीचे असले की बरोबर सोडवणाऱ्याचा एक गुण जातो आणि वर पाव गुण वजा होतो. असे पाच प्रश्न निघाले तर गुणपत्रक सव्वासहा गुणांपर्यंत खोटे बोलते, आणि कट-ऑफजवळ एवढ्या अंतरात पास-नापास दोन्ही बसतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मोफत नमुना पेपर घेऊन त्यातले वादग्रस्त प्रश्न राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांशी ताडून पाहावेत. किती प्रश्न आयोगाच्या जुन्या पेपरमधून जसेच्या तसे उचलले आहेत, तेही मोजावे. शंभरातले तीस ओळखीचे निघाले, तर जुने पेपर सोडवलेल्या विद्यार्थ्यासाठी तो सत्तर प्रश्नांचाच पेपर आहे आणि त्यावरची टक्केवारी फसवी आहे.

या परीक्षेपुरती मोबाइलची एक अडचण वेगळी आहे. मूळ परीक्षा ओएमआर उत्तरपत्रिकेवर असते. एक वर्तुळ भरायला सहा सेकंद धरले, तरी शंभर वर्तुळांना साठातली दहा मिनिटे जातात. पडद्यावर बोट टेकवून सराव केलेल्याला ही दहा मिनिटे जास्तीची मिळतात, आणि त्याचा वेग त्यामुळे खरा कळत नाही. संगणकावर होणाऱ्या परीक्षांना हा आक्षेप लागू नाही. तेथे उलट पुस्तकच उणे पडते. यावर उपाय स्वस्त आहे. दोन रुपयांची कोरी ओएमआर प्रत शेजारी ठेवून उत्तरे तिच्यावरच भरायची आणि घड्याळ थांबल्यावर ती ॲपमध्ये किंवा तालिकेशी जुळवायची. त्यामुळे १२ रुपयांचा पेपर १४ रुपयांचा होतो, एवढेच.

क्लासच्या १५० रुपयांत जास्तीचे जे मिळते, ते म्हणजे अनोळखी हॉल, पर्यवेक्षक आणि शेजारी पाने उलटणारे लोक. हे घरी होत नाही. पण ते २४ वेळा विकत घ्यावे लागत नाही. शेवटच्या महिन्यात असे चार पेपर सुटे मिळाले तर ६०० रुपये, पुस्तकाचे २४०, आयोगाच्या पाच जुन्या पत्रिकांचे २४० आणि ओएमआर प्रतींचे ५०, मिळून ११३० रुपयांत २९ पेपर होतात; एकाला सुमारे ३९ रुपये. सुटे पेपर न देता पूर्ण सिरीजच घ्यायला लावणाऱ्या क्लासमध्ये मात्र त्या चार पेपरांचा दर १५० राहत नाही, ९०० होतो.